कळकलेली आमटी आणि दीड पानाचं उत्तर: भांडी बाजारातलं एक प्रकरण

श्रावणात नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका दुकानातून एका निवृत्त शिक्षिकेनं पितळेचं पातेलं घेतलं. वजन दोन किलो चारशे ग्रॅम, आतून कल्हई केलेलं, वर झाकण. करासह बिल २,८०० रुपये. तीन आठवड्यांनी, गौरी जेवणाच्या दिवशी, त्यात चिंच-गुळाची आमटी झाली. सकाळी दहाला उतरवलेली आमटी दुपारी दोनला पानात वाढली, तेव्हा ती कळकली होती.

ज्यांच्या घरात पितळी भांडी नांदली त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागून राहिला की धातू त्यात उतरतो. चव तुरट-कडवट होते, जिभेवर रेंगाळते आणि भांड्याला हिरवट डाग धरतो. हे होऊ नये म्हणून तर आतून कथिलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. म्हणजे बाईंनी ज्या कामासाठी पैसे मोजले होते, नेमकं तेच काम त्या भांड्यानं केलं नाही. तेही पंगतीत व्याही बसलेले असताना. त्या रात्री धाकट्या नातवाला दोनदा उलटी झाली.

मी व्यापारी पत्रव्यवहार शिकवतो. या प्रकरणातले तीन कागद मला पाहायला मिळाले: बाईंचं पत्र, दुकानदारानं लिहून न पाठवलेला पहिला मसुदा आणि शेवटी पाठवलेलं उत्तर. दोघांनीही लिहायला परवानगी दिली, नावं मात्र नकोत म्हणाले. म्हणून इथे एक फक्त ‘बाई’ आहेत आणि दुसरा ‘तो’.

तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं गल्ल्यावर तोच बसत होता. बाईंचं पत्र त्यांचा मुलगा दुकानात आणून देऊन गेला. फुलस्केपची दोन पानं, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ आणि मजकूर जाळ. ‘तुम्ही कल्हईच्या नावाखाली लोकांच्या पोटात विष घालता. तुमच्या वडिलांच्या वेळी या दुकानात माणसं होती, आता नुसते व्यापारी उरलेत.’ मागण्या तीन होत्या. भांड्याचे पैसे परत, मनस्तापाचे दहा हजार आणि सात दिवसांत लेखी उत्तर. ‘तोंडी सारवासारव मला नको. उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाईन.’

त्याच रात्री त्यानं जे लिहिलं ते असं:

‘आदरणीय ग्राहक, आपले पत्र मिळाले. आमचे दुकान अनेक वर्षे नाशिककरांच्या सेवेत असून आजवर अशी तक्रार आलेली नाही. कल्हई हा झिजणारा थर असून त्याचे आयुष्य वापरावर अवलंबून असते. आपल्याकडून भांडे कोरडे तापवले गेले असण्याची शक्यता आहे. बिलावर नमूद केल्याप्रमाणे विकलेला माल परत घेतला जात नाही. तरीही आपली काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.’

यात एकही वाक्य खोटं नाही. मी वर्गात हा मसुदा वाचून दाखवतो तेव्हा निम्म्या मुलांना तो चांगलाच वाटतो. भाषा सभ्य आहे, आवाज चढलेला नाही. पण बाईंच्या जागी बसून वाचलं की चित्र पालटतं. ‘पत्र मिळाले’ ही पोच सोडली तर पहिलंच वाक्य सांगतं की इतक्या वर्षांत तक्रार करणाऱ्या तुम्ही एकट्याच. दुसरं आणि तिसरं दोष त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवतं. चौथं दार लावून घेतं. आणि उरलेली दिलगिरी ‘असल्यास’ या एका शब्दावर टांगलेली आहे. वीस माणसांच्या पंगतीत मान खाली गेलेल्या बाईला ‘गैरसोय झाली असल्यास’ म्हणणं म्हणजे ती झाली की नाही याबद्दल अजून शंका आहे असं सांगणं. नातवाबद्दल तर त्यात अक्षर नाही.

मसुदा मोबाइलवर टाइप झाला होता, बोटाखाली फक्त पाठवायचं बटण उरलं होतं. तो का थांबला, हे मी त्याला विचारलं. उत्तर साधं होतं. “सर, ‘कोरडं तापवलं गेलं असण्याची शक्यता’ हे लिहिलं आणि वाटलं, मी भांडं तर पाहिलेलंच नाही.”

माझ्या मते प्रकरण वळलं ते इथे. पुढचं चांगलं उत्तर शब्दकौशल्यातून आलं नाही. ते भांडं पाहिल्यामुळे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाईंना चार ओळींचा निरोप पाठवला: ‘तुमचं पत्र पूर्ण वाचलं. नातवाची तब्येत आता कशी आहे? भांडं पाहिल्याशिवाय उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. आज किंवा उद्या तुमच्या सोयीनं पाहायला येऊ का? तोवर ते कृपया वापरू नका, आणि घासूही नका.’ शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. घासलेल्या भांड्यावर कारण शोधता येत नाही. आणि कुणी रागाच्या भरात ते लख्ख करून ठेवलं असतं तर पुढे दोघांनाही नुसता वाद घालत बसावं लागलं असतं. बाईंचं उत्तर दोन शब्दांचं आलं: ‘उद्या. अकरा.’

गंगापूर रोडवरच्या घरी त्याला बसा म्हणालं नाही कुणी. भांडं ओट्यावर काढून ठेवलेलं होतं. त्यानं ते उजेडात धरून पाहिलं, दोन फोटो काढले आणि कारागिराला दाखवायला नेतो म्हणाला. नेण्याआधी खिशातून पावतीपुस्तक काढून लिहून दिलं: पितळी पातेलं एक, झाकणासह, वजन इतकं, तपासणीसाठी नेलं, चार दिवसांत परत. बाई पुढे मला म्हणाल्या की त्या पावतीपर्यंत त्यांना खात्री होती की भांडं आता गायब होणार आणि पुरावाही.

तो निघताना सून जिन्यापर्यंत आली आणि हळूच सांगून गेली: फोडणीसाठी पातेलं मोठ्या शेगडीवर ठेवलं होतं, तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं, तेल घालायचं राहिलं, आणि परत येईपर्यंत आतून वास यायला लागला होता. सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे पहिल्या मसुद्यातली शंका खरी निघाली. एखाद्यानं इथेच कागद पुढे ओढला असता. तो मात्र भांडं घेऊन जुन्या गावातल्या कल्हईवाल्याकडे गेला.

कल्हईचं काम दिसायला सोपं आहे. भांडं आम्लानं आणि राखेनं घासून स्वच्छ करायचं, भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथिलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे फिरवायचं. नवसागराच्या पांढऱ्या धुरात दोन-तीन मिनिटांत पिवळं भांडं चांदीसारखं होतं. पण पितळ जिथे नीट साफ झालेलं नाही, तिथे कथील धरत नाही. ते नुसतं वरून सरकून जातं.

कारागिरानं पातेलं तिरकं धरलं आणि त्याला दोन वेगळ्या जागा दाखवल्या. तळाशी कथील ओघळून त्याचे बारीक थेंब झाले होते, मधे पिवळं उघडं पडलं होतं; ते कोरडं तापल्याचं लक्षण. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यात पाणी असेल तोवर तळ तिथवर जात नाही, पण रिकामं पातेलं मोठ्या आचेवर काही मिनिटांतच जातं. दुसरी जागा गळ्याखाली होती. काठाच्या आत, जिथे पितळ वळतं, तिथे दोन बोटं रुंदीचा पट्टा अर्ध्या गोलाईभर निस्तेज पिवळा होता. तिथे थेंब नव्हते, ओघळ नव्हता. बोळा त्या वळणाखाली पोचलाच नव्हता. “इथं कल्हई उडाली नाही,” कारागीर म्हणाला, “इथं ती बसलीच नव्हती. माझंच काम आहे हे.” हिरवा डाग त्याच पट्ट्यावर सर्वांत गडद होता, कारण आमटीची पातळी तिथपर्यंत होती.

आमटी तळामुळे कळकली की गळ्यामुळे? कारागीर म्हणाला, दोन्हींनी. किती कशामुळे ते कुणी सांगू शकणार नाही.

रात्री घरी वडिलांशी वाद झाला. वडिलांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. घरच्यांनी भांडं जाळलं हे त्यांची सूनच सांगते, मग आपण लेखी चूक कबूल का करायची? उद्या तोच कागद आयोगात आपल्याविरुद्ध ठेवतील. शिवाय बिलावर छापलेलंच आहे, माल परत नाही. मुलानं त्यावर दोन गोष्टी मांडल्या. एक, ती छापील ओळ इथे फारशी कामाची नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते; आणि बाईंचं बिल तेव्हा तीस दिवसांच्या आतलं होतं. दुसरी गोष्ट त्याला स्वतःला जास्त टोचत होती. “बाबा, गळ्याखाली बोट फिरवलं असतं तर मला तो पट्टा लागला असता. मी फिरवलं नाही.”

वडील म्हणाले, लिही मग. पण दहा हजारांचं काय ते स्पष्ट लिही, लोंबकळत ठेवू नकोस.

उत्तर लिहायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. सहाव्या दिवशी ते दुकानाच्या लेटरहेडवर, हातानं लिहिलेलं, भांड्यासोबत बाईंकडे पोचलं. ते जवळजवळ पूर्ण इथे देतो.

‘आदरणीय बाई, सा. न. वि. वि.

नातू बरा आहे हे त्या दिवशी तुमच्या घरी कळलं, बरं वाटलं. त्याला उलटी कशानं झाली हे सांगण्याइतकं ज्ञान मला नाही. पण ती भांड्यामुळे झाली नाही असंही मी म्हणणार नाही. डॉक्टरांना दाखवलं असेल तर तो खर्च मला कळवा, तो मी देईन.

भांडं मी कारागिराला दाखवलं. त्यात दोन दोष आहेत. गळ्याखाली अर्ध्या गोलाईवर कल्हई बसलीच नव्हती. फोटो सोबत आहे, खूण केली आहे. हा दोष भांडं दुकानातून बाहेर पडलं तेव्हाच होता. विकण्याआधी मी तिथे बोट फिरवून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. ही माझी चूक आहे आणि तिच्यामुळे तुमच्या घरच्या गौरी जेवणाचा बेरंग झाला, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा दोष तळाशी आहे. तिथे कथील वितळून त्याचे थेंब झाले आहेत. रिकामं भांडं मोठ्या आचेवर राहिलं तर असं होतं. कल्हईच्या भांड्यात आधी तेल किंवा पाणी घालायचं आणि मगच शेगडी पेटवायची, आच मध्यम ठेवायची, तारेच्या घासणीनं घासायचं नाही. हे विकताना सांगणं माझं काम होतं. मी ते सांगितलं नाही.

आता तुमच्यासमोर दोन पर्याय ठेवतो. भांडं मला परत द्या, २,८०० रुपये त्याच वेळी देईन. किंवा भांडं ठेवायचं असेल तर ते तुमच्यासमोर पुन्हा कल्हई करून घेऊ आणि ताक घालून चार तास ठेवू. चव तुम्ही घ्या, पसंत पडली तरच न्या. या कल्हईचे पैसे लागणार नाहीत. कोणता पर्याय, हे पंधरा दिवसांत कधीही सांगा.

मनस्तापाचे दहा हजार मी देऊ शकत नाही. तुम्हाला मनस्ताप झाला नाही असं मला म्हणायचं नाही. त्याची किंमत ठरवणं मला जमत नाही आणि दुकानाला ती रक्कम झेपणारी नाही. हे तुम्हाला मान्य नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. हे पत्र तिथे दाखवायला माझी हरकत नाही.

तुम्ही लिहिलंत की वडिलांच्या वेळी या दुकानात माणसं होती. वडिलांना ते वाचून दाखवलं.

आपला,’ आणि खाली सही.

या पत्रातल्या दोन जागांवर थांबावंसं वाटतं.

पहिली जागा तळाच्या दोषाची. सुनेनं सांगितलेली गोष्ट त्याच्या हातात होती आणि त्यानं ती वापरली नाही. ‘तुम्ही’ हा शब्द त्या परिच्छेदात एकदाही येत नाही. भांडं राहिलं, कथील वितळलं. पण त्यानं सत्यही लपवलं नाही. बाई वाचणार, मनात ताडणार, घरात विचारणार, आणि जे निघेल ते घरातल्या घरात निघेल. पत्रात सुनेचं नाव आलं असतं तर दुकानदार वादात जिंकला असता आणि त्या घरात दुसरा वाद पेटला असता. क्रमही पाहा. स्वतःचा दोष आधी, पूर्ण, कुठलंही ‘पण’ न लावता. दुसरा दोष त्यानंतर, आणि तोही ‘मी सांगितलं नाही’ इथे येऊन थांबतो. तो हे नाटकीपणानं लिहीत नव्हता. साठीच्या बाईला पितळेचं सगळं ठाऊक असणार असं त्यानं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या संसाराची सगळी वर्षं स्टीलवर गेली होती आणि पितळ सासूबाईंनी सांभाळलं होतं.

दुसरी जागा नकाराची. तक्रारीला उत्तर लिहिणारे बहुतेक जण इथे घसरतात. चूक कबूल केली की आता सगळंच द्यावं लागेल या भीतीनं ते कबूलच करत नाहीत, किंवा कबूल करून पैशांबद्दल ‘योग्य तो विचार करू’ असं लिहून मोकळे होतात. ‘योग्य तो विचार’ हे वाक्य रागावलेल्या माणसाला आणखी आठ दिवस पेटतं ठेवतं. इथे नकार एका ओळीत आहे, कारणासह आहे, आणि त्यानंतरची वाट दुकानदारानं स्वतः दाखवली आहे. वडिलांना हीच ओळ सर्वांत धोक्याची वाटली होती. धोका होताच. बाई त्या वाटेनं गेल्या असत्या तर पत्र त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं असतं. तरी मला वाटतं, भांडं तपासलं, पैसे परत देऊ केले, मुदत पाळली, हे दाखवणारा कागदही तोच होता.

बाई चौथ्या दिवशी दुकानात आल्या, भांडं पिशवीत घेऊन. त्याचं पत्रही हातात होतं आणि त्यावर लाल शाईनं दोन ठिकाणी खुणा होत्या. त्याच्या पोटात गोळा आला. त्यांनी पत्र गल्ल्यावर ठेवलं. ‘सांगितलं’वर राहिलेला अनुस्वार त्यांनी दिला होता. दुसरी खूण ‘ही माझी चूक आहे’ याच्याखाली होती, सरळ रेघ. “तीस वर्षं मराठी शिकवलं,” त्या म्हणाल्या. “‘झाली असल्यास’ लिहिलं असतंस तर मी आयोगात गेले असते. कल्हई कधी करतोस?”

कल्हई त्यांच्यासमोर झाली. या वेळी कारागिरानं गळ्याखाली बोळा दोनदा फिरवला. मग पातेल्यात आंबट ताक घालून ते गल्ल्यामागे चार तास ठेवलं. बाई तेवढ्या वेळात बाजारात जाऊन आल्या, परत येऊन त्यांनी वाटीभर ताक स्वतः प्यायलं आणि दुसरी वाटी त्याच्यापुढे केली. डॉक्टरांच्या खर्चाचं त्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. दहा हजारांचा विषय पुन्हा निघाला नाही.

या सगळ्यात दुकानाला किती पडलं? एका कल्हईची मजुरी कारागिरानं घेतली नाही, त्यामुळे रोख खर्च जवळजवळ शून्य. गेला तो वेळ: दोन फेऱ्या, दोन संध्याकाळी. पण प्रत्येक प्रकरण असं सुटतं असं मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. इथे दोष खरोखर होता आणि तो डोळ्यांना दिसणारा होता. कारागिरानं स्वतःचं काम ओळखून मान्य केलं. तो ‘माझं नव्हे’ म्हणाला असता तर गळ्याखालचा परिच्छेद असा ठामपणे लिहिता आला नसता. आणि ग्राहक प्रामाणिक होती. जिथे भांडं मुद्दाम बदलून आणलं जातं तिथे हेच पत्र लिहिणं चूक ठरेल. भांडं पाहण्याची आणि पावती देण्याची पायरी मात्र तिथेही लागतेच, कारण प्रकरण कोणत्या जातीचं आहे हे तिथेच कळतं.

दुकानात दोन गोष्टी बदलल्या. बिलावरची ‘विकलेला माल परत नाही’ ही ओळ नव्या बिलबुकात छापली नाही. त्या जागी कल्हईच्या भांड्याच्या चार सूचना आल्या. आणि एक वही सुरू झाली: कोणतं भांडं, कुणाचं, कल्हई कधी केली. रोजच्या वापरात कल्हई वर्षभरात उतरायला लागते. वहीत तारीख सापडली की तो स्वतः फोन करतो. त्या वहीचं पहिलं नाव बाईंचं आहे.

याला आता सहा वर्षं झाली. वहीत बाईंच्या नावासमोर दर वर्षी श्रावणातली नोंद आहे, गौरींच्या आधीची. त्यांच्या भजनी मंडळातल्या बायकांची नावं तिसऱ्या वर्षापासून दिसू लागतात. नातीच्या लग्नात रुखवतासाठी तांब्या-पितळेचा सगळा संच इथूनच गेला. एका वर्षी गोदावरीला पाणी चढलं, दुतोंड्या मारुती बुडायला लागला आणि भांडी बाजारात सगळे माल वरच्या फळ्यांवर हलवत होते, तेव्हा सकाळी पहिला फोन बाईंचा होता: “माल उचललास का? मुलाला पाठवू का मदतीला?”

मी गेल्या महिन्यात दुकानात गेलो तेव्हा एक नवी लग्न झालेली मुलगी पातेलं बघत होती आणि बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. तो वजन करायला वळला, तेवढ्यात बाईंनी ते पातेलं मुलीच्या हातातून घेतलं, आडवं धरलं आणि तिचं बोट धरून गळ्याखाली फिरवलं. “इथं बघायचं आधी,” त्या म्हणाल्या. “आणि फोडणीला ठेवलंस की दारावर कुणीही येऊ दे, गॅस बंद करून जायचं.”